आरु आणि अर: एक व्हिडिओ, दोन भाषा आणि पडद्यावरचा आकडा

मागच्या उन्हाळ्यात आम्ही चार जणांनी मिळून एक छोटा व्हिडिओ केला, सव्वा मिनिटाचा, विषय एकच, की लेकराला जुलाब लागले आणि घरात ओआरएसचं पाकीट नसलं तर साखर-मीठ-पाण्याचं द्रावण घरी कसं करायचं. सोलापूरच्या पूर्व भागात दाखवायचा होता, तिथं बऱ्याच घरांत तेलुगू बोलतात, म्हणून निवेदन दोन भाषांत, एक मराठी आणि एक तेलुगू, चित्रं तीच. मराठी व्हिडिओ पहिल्याच फेरीत जमला, तेलुगूही ऐकायला छान वाटत होता. मग शेजारच्या एका आजींना तेलुगू व्हिडिओ दाखवला आणि नंतर विचारलं, साखर किती घालायची? आजी म्हणाल्या, "अर्धा चमचा."

आजींची काही चूक नव्हती. त्यांच्या कानावर "चक्केर" म्हणजे साखर हा शब्द पडत होता आणि नेमक्या त्याच वेळी पडद्यावर मोठ्या अक्षरात "अर्धा चमचा" आलं होतं. तो मिठाचा आकडा होता, आणि आला होता पाऊण सेकंद आधी. आता लेकराच्या औषधात साखर आणि मीठ उलटं झालं तर काय होईल ते सांगायला नको, मिठाचं प्रमाण जास्त झालं की बाळाच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून त्या पाऊण सेकंदाच्या मागे आम्ही आठवडाभर लागलो, आणि त्यात जे कळलं ते इथं लिहितोय, कारण दोन भाषांत व्हिडिओ करणारा प्रत्येक जण याच खड्ड्यात पडतो असं आता मला वाटतं.

आधी आम्ही काय केलं होतं ते बघा. मराठी स्क्रिप्ट लिहिली, त्याचं तेलुगू भाषांतर करून घेतलं, दोन्ही रेकॉर्ड केली, मराठी आवाजावर चित्रं आणि अक्षरं बसवली आणि मग मराठी आवाज काढून त्याच जागी तेलुगू आवाज टाकला. सगळे असंच करतात. मुख्य वाक्य मराठीत होतं, "एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ घालून नीट ढवळा." तेलुगूत ते झालं, "ओक लीटरु नीळ्ळलो आरु चेंचाल चक्केर, अर चेंचा उप्पु वेसि बागा कलपंडि."

ही दोन वाक्यं एकाखाली एक लिहून बघा. दोन्हीत बरोबर बारा शब्द, आणि क्रमसुद्धा तोच, आधी पाणी, मग साखर, मग मीठ, शेवटी क्रियापद. मराठी आणि तेलुगू दोन्हीकडे क्रियापद शेवटी येतं, त्यामुळं मराठी-इंग्रजी व्हिडिओत जशी वाक्याची उलटापालट होते तशी इथं होत नाही. आम्ही शब्द मोजले, बारा आणि बारा, आणि निश्चिंत झालो. तिथंच फसलो.

शब्द मोजायचे नसतात, तोंडातून निघणारे ठोके मोजायचे असतात. ठोका म्हणजे एका दमात बाहेर पडणारा उच्चाराचा तुकडा. बोटानं टेबलावर वाजवत वाक्य म्हणा, प्रत्येक तुकड्याला एक टकटक. "साखर" लिहिताना अक्षरं तीन आहेत पण आपण म्हणतो सा-खर, ठोके दोनच, कारण मराठीत शब्दाच्या शेवटचा "अ" आपण खाऊन टाकतो. तेलुगूत तसं होत नाही, तिथं बहुतेक शब्द स्वरावर संपतात आणि तो शेवटचा स्वर नीट उच्चारला जातो, चक्-के-र, तीन ठोके. आपला "लिटर" दोन ठोक्यांचा, त्यांचा "लीटरु" तीन ठोक्यांचा. असं पूर्ण वाक्य मोजलं तर मराठीत २१ ठोके भरले आणि तेलुगूत ३०. शब्द सारखेच असून जवळजवळ दीडपट.

मग तेलुगूला दीडपट वेळ लागला का, तर नाही, कारण तेलुगू बोलणारी माणसं प्रत्येक ठोका थोडा चटचट टाकतात. आमच्या रेकॉर्डिंगमध्ये मराठी वाक्य ६ सेकंदांत संपलं आणि तेलुगू ७.२ सेकंदांत. एकूण फरक फक्त १.२ सेकंदांचा म्हणून आम्ही एडिटिंगला वाक्याच्या शेवटी चित्र थोडं ताणलं आणि पुढं गेलो. पण खरा घोळ वाक्याच्या पोटात होता, शेवटी नव्हताच. मराठीत "अर्धा" हा शब्द सुरुवातीपासून ३.४ सेकंदांवर येत होता, तेलुगूत "अर" येत होता ४.१ वर. पडद्यावरचं "अर्धा चमचा" मराठीला बांधलेलं होतं म्हणजे ३.४ ला उगवायचं, आणि तेलुगू आवाज त्या क्षणी "चक्केर"च्या मध्यावर असायचा. व्हिडिओत सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर हा फरक सतरा-अठरा फ्रेमचा होतो, एवढा तर उघड्या डोळ्यांना दिसायला पाहिजे, पण आम्हाला दिसला नाही कारण आमच्या चौघांपैकी एकालाही तेलुगू येत नव्हतं.

त्यात तेलुगूची स्वतःची एक अडचण निघाली जी आम्हाला आमच्या निवेदक अक्कांनी दाखवली. तेलुगूत सहाला म्हणतात "आरु" आणि अर्ध्याला म्हणतात "अर". शांत खोलीत, तेलुगू बोलणाऱ्या माणसाला यात गोंधळ होत नाही, एक दीर्घ आहे एक ऱ्हस्व आहे. पण हा व्हिडिओ बघितला जाणार कुठं, तर शेजारी यंत्रमाग खडखडतोय, फोनचा स्पीकर फाटका, लेकरू रडतंय. अशा ठिकाणी कान डोळ्याची मदत घेतो, आणि आमच्या व्हिडिओत डोळ्याला दिसणारा आकडा चुकीच्या वेळी येत होता. माणूस दोन्हीत फरक पडला की लिहिलेल्यावर विश्वास ठेवतो. आजींनी तेच केलं.

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तो म्हणजे आवाजाचा वेग वाढवायचा, तेलुगू थोडं पळवायचं की झालं. करून बघितलं. पाच टक्क्यांपर्यंत कुणाला कळत नाही, त्याच्या पुढं आवाज घाईत असल्यासारखा लागतो, आणि आम्हाला ७.२ चे ६ करायला वीस टक्के पळवावं लागत होतं. औषध सांगणारा आवाज घाईत असून चालत नाही. आणि एवढं करूनही मधले शब्द आपापल्या जागी बसतीलच असं नाही, कारण दोन भाषांत थांबे वेगळ्या ठिकाणी पडतात.

दुसरा उपाय म्हणजे प्रत्येक भाषेचा पूर्ण वेगळा व्हिडिओ एडिट करायचा. हे होतं, चालतं, पण नंतर एक चित्र बदलायचं म्हटलं की दोन्हीकडं बदलायचं, आणि तिसरी भाषा, उद्या कन्नड करायची झाली, तर पुन्हा पहिल्यापासून. आम्हाला अक्कलकोटच्या बाजूलाही दाखवायचा होता म्हणून हा रस्ता सोडला.

मग आम्ही स्क्रिप्टच पुन्हा लिहायला घेतली, आणि या वेळी भाषांतर करून न घेता दोन्ही भाषा शेजारी शेजारी बसून लिहिल्या, मी आणि अक्का, एकाच टेबलावर. कागदाला पाच रकाने पाडले: चित्र काय दिसणार, मराठी ओळ, तेलुगू ओळ, पडद्यावरची अक्षरं, आणि पाचवा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, अक्षरं कुठल्या शब्दावर उगवणार. त्याला आम्ही खुंटीचा शब्द म्हणायला लागलो, म्हणजे पडद्यावरची पाटी या शब्दाच्या खुंटीला टांगलेली आहे, घड्याळाला नाही. सेकंद या कागदावर लिहायचेच नाहीत, ते रेकॉर्डिंग झाल्यावर भरायचे. स्क्रिप्टमध्येच "२८व्या सेकंदाला टेक्स्ट येईल" असं लिहून ठेवलं की माणूस नंतर त्या आकड्याला चिकटून बसतो.

मग ते बारा शब्दांचं वाक्य फोडलं. एका वाक्यात तीन आकडे कोंबले होते हीच मूळ चूक होती, कारण वाक्य जेवढं लांब तेवढा दोन भाषांमधला फरक शेवटाकडं साचत जातो. त्याचे चार तुकडे केले, एका तुकड्यात एकच गोष्ट.

पहिला तुकडा पाण्याचा. मराठीत मी लिहिलं "एक लिटर पाणी घ्या", सहा ठोके. अक्का म्हणाल्या "ओक लीटरु नीळ्ळु तीसुकोंडि", अकरा ठोके, कारण त्यांचं "घ्या" चार ठोक्यांचं आहे आणि आपलं एकाच ठोक्याचं. मी विचारलं, "अक्का, तीसुकोंडि काढून टाकलं तर वाईट ऐकू येईल का हो?" त्या म्हणाल्या, "नाही, ग्लास दिसतोय की समोर, पण मग मंचि नीळ्ळु म्हणू या." मंचि नीळ्ळु म्हणजे शब्दशः चांगलं पाणी, तेलुगूत पिण्याच्या पाण्याला तसंच म्हणतात. मग मी मराठीत "पिण्याचं" घातलं. आता झालं "एक लिटर पिण्याचं पाणी घ्या" आणि "ओक लीटरु मंचि नीळ्ळु". मोजा, इकडं नऊ, तिकडं नऊ. अर्थही आधीपेक्षा नेमका झाला. एका भाषेत क्रियापद ठेवलं आणि दुसऱ्या भाषेत चित्रावर सोडलं, बस्स. हे काम भाषांतर करणाऱ्याला मेलवर पाठवून होत नाही, दोन्ही भाषांची माणसं समोरासमोर लागतात, आणि प्रत्येकाला दुसऱ्याची ओळ बदला म्हणायची मोकळीक लागते.

साखर आणि मिठाला दुसरी युक्ती केली. "सहा चमचे साखर" ऐवजी वस्तू आधी आणि आकडा मागून, "साखर, सहा चमचे" आणि "मीठ, अर्धा चमचा". किराणा दुकानात आपण यादी सांगतो ना, शेंगदाणे एक किलो, गूळ पावशेर, तसं. तेलुगूत "चक्केर, आरु चेंचालु" आणि "उप्पु, अर चेंचा". यानं दोन गोष्टी साधल्या. वस्तूचं नाव येतं तेव्हा चित्रात ती वस्तू येते, मग एक छोटा थांबा, मग आकडा आणि त्याच्याबरोबर पडद्यावरची अक्षरं, म्हणजे डोळ्याला आणि कानाला एका वेळी एकच काम. आणि मधला थांबा लांबीतला फरक गिळून टाकतो. नव्या रेकॉर्डिंगमध्ये मराठी "सहा" तुकड्याच्या सुरुवातीपासून १.१ सेकंदांवर आला आणि तेलुगू "आरु" १.२ वर. मिठाचं "अर्धा" ०.९ वर आणि "अर" १ सेकंदावर. दोन-तीन फ्रेमचा फरक राहिला, तो कुणालाही जाणवत नाही. शिवाय "आरु" आणि "अर" आता आपापल्या वस्तूच्या नावानंतर येतात, म्हणजे "उप्पु" ऐकल्यावर पुढचा आकडा मिठाचाच आहे हे कानाला आधीच ठरलेलं असतं.

चौथा तुकडा ढवळण्याचा, "नीट ढवळा" तीन ठोके, "बागा कलपंडि" सहा ठोके, दुप्पट. इथं काहीच केलं नाही. ढवळण्याचं चित्र तसंही तीन सेकंदांचं आहे, मराठीत आवाज लवकर संपतो आणि मग चमचा भांड्याला लागल्याचा किणकिण आवाज राहतो, छान वाटतं. पडद्यावर अक्षरं नसली की फरक असला तरी चालतो, सगळीकडं झटापट करायची गरज नाही.

प्रत्येक तुकड्याची लांबी कशी ठरवायची, तर दोन्ही भाषांतला लांब आवाज घ्यायचा आणि त्यात अर्धा सेकंद श्वासाचा मिळवायचा. प्रत्येक तुकडा वेगळी ऑडिओ फाइल म्हणून ठेवला की लांबी ffmpeg सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या या एका कमांडनं मिळते, कानानं अंदाज करत बसू नका:

```
ffprobe -v error -show_entries format=duration -of csv=p=0 te_04b.wav
```

साखरेचा तुकडा मराठीत २.२ सेकंदांचा भरला, तेलुगूत २.५, म्हणून जागा दिली ३ सेकंदांची. मिठाला नियमानं अडीचपेक्षा कमी बसत होते पण आम्ही मुद्दाम साडेतीन दिले, कारण चूक झाली तर तिथंच महाग पडते. एकूण चार तुकड्यांना १२.५ सेकंद लागले, जिथं आधी सात सेकंदांत सगळं उरकलं होतं. ते पाच-साडेपाच सेकंद आणायचे कुठून? सुरुवातीला आमचं नाव फिरत फिरत यायचं, सहा सेकंद, ते कापलं.

रेकॉर्डिंग करताना तेलुगू आधी केलं, जी भाषा लांब ती आधी. मग मराठी बोलताना मला किती जागा आहे ते माहीत असतं आणि मी सावकाश बोलून ती भरू शकतो, उलटं केलं तर अक्कांना घाई करावी लागली असती. पहाटे पाचला केलं, माग सुरू व्हायच्या आधी, भिंतींवर चार चादरी टांगून, आणि घरात दुसरं काही नसलं तरी चादरींना सोलापुरात तोटा नाही. खोलीचा घुमारा बऱ्यापैकी गेला.

अक्षरं कधी उगवायची याबद्दल आमचा आता पक्का नियम असा की दोन भाषांतल्या खुंटीच्या शब्दांपैकी जो उशिरा येतो त्यावर. अक्षरं आवाजाच्या दोन-तीन फ्रेम मागून आली तर डोळा त्याला "बरोबरच आली" म्हणतो. आधी आली की माणूस वाचायला लागतो आणि ऐकणं सुटतं. आणि एकदा आलेली पाटी काढायची नाही. साखरेची ओळ राहू द्यायची, तिच्याखाली मिठाची आणायची, ढवळून होईपर्यंत दोन्ही दिसत ठेवायच्या, आणि शेवटी पाणी-साखर-मीठ तिन्ही ओळी पाच सेकंद नुसत्या उभ्या, वर एक शब्दही बोलायचा नाही, म्हणजे लोकांना फोटो काढता येतो.

ॲनिमेशन करायच्या आधी हे सगळं तपासायची फुकटची सोय म्हणजे सबटायटलची फाइल. नोटपॅडमध्ये लिहायची, व्हिडिओच्या नावानंच पण शेवटी .srt लावून सेव्ह करायची, व्हीएलसी प्लेअरमध्ये लावली की अक्षरं त्या वेळी दिसतात. आमचा तो भाग असा होता, साखरेचा तुकडा २७व्या सेकंदाला सुरू होतो आणि मिठाचा ३०व्या:

```
7
00:00:28,200 --> 00:00:31,000
साखर: सहा चमचे

8
00:00:31,000 --> 00:00:36,500
साखर: सहा चमचे
मीठ: अर्धा चमचा
```

सेकंदानंतर स्वल्पविराम आहे, टिंब नाही, टिंब दिलं की काही प्लेअर ती ओळ गिळतात. बघायची कोऱ्या डोळ्यांनी, आधी मराठी आवाज लावून, मग तेलुगू आवाज लावून, फाइल एकच.

आता अक्षरं कुठल्या लिपीत हा प्रश्न राहतो, आणि इथं मी जे गृहीत धरलं होतं ते पूर्ण चुकीचं निघालं. तेलुगू निवेदन म्हणजे पडद्यावर तेलुगू लिपी, असं मी आपलं ठरवून टाकलं होतं. मग आमच्या गल्लीत दहा-बारा जणांना विचारलं. घरात तेलुगूच बोलतात, पण शाळा मराठी, त्यामुळं तेलुगू ऐकायला पाहिजे आणि वाचायला देवनागरी. काही वयस्कर मंडळींना फक्त तेलुगू लिपी येते, आणि काहींना कुठलीच वाचता येत नाही. शेवटी दोन्ही व्हिडिओंत अक्षरं देवनागरीच ठेवली आणि प्रत्येक ओळीशेजारी चित्र दिलं, साखरेला सहा चमचे रांगेत, मिठाला एकच चमचा अर्धा भरलेला. त्यामुळं पाटी दोन्ही व्हिडिओंना एकच राहिली. तुमच्या गावात उत्तर वेगळं येईल, पण विचारल्याशिवाय ठरवू नका.

अर्ध्यासाठी "१/२" असं लिहिलं होतं तेही काढलं. एका ताईंनी ते "एक-दोन चमचे" असं वाचलं. मिठाच्या बाबतीत! "अर्धा" अक्षरात लिहा. आणि लिहिल्यावर रफार नीट बसलाय का ते फायनल व्हिडिओतच बघा, कारण काही टायटल सॉफ्टवेअर जोडाक्षरं फोडतात आणि "अर्धा"चं "अर् धा" होऊन जातं, एडिटिंगच्या खिडकीत ते बरोबर दिसत असलं तरी.

चमचा कुठला हेही सांगायला लागतं, आपल्याकडं चहाचा चमचा वेगळा आणि पोह्याचा वेगळा. हे प्रमाण चहाच्या, म्हणजे ५ मिलिलिटरच्या चमच्याचं आहे, आणि चमचा सपाट भरायचा, शीग लावून नाही. मराठीत "सपाट" दोन ठोक्यांत होतं, अक्कांना त्यासाठी अख्खं वाक्य लागत होतं, म्हणून ते आवाजातून काढलं आणि चित्रात घेतलं, सुरीच्या पाठीनं चमच्यावरची शीग उतरवतानाचा दोन सेकंदांचा शॉट. जी गोष्ट एका भाषेत शब्दाची आणि दुसऱ्या भाषेत वाक्याची आहे ती चित्राला द्या, टायमिंगची कटकट तिथंच संपते.

शेवटच्या भागात दोनच वाक्यं आहेत, द्रावण २४ तासांत संपवा आणि उरलं तर फेकून द्या, आणि बाळ पीत नसेल, सुस्त पडलं असेल किंवा शौचात रक्त दिसलं तर थांबू नका, दवाखान्यात न्या. इथं आकडा एकच, २४, तो दोन्हीकडं वाक्याच्या सुरुवातीला ठेवला, सुरुवातीला फरक साचायला वेळच मिळत नाही.

मग पुन्हा आजींकडं गेलो. या वेळी तोंडी प्रश्न विचारलाच नाही. व्हिडिओ दाखवला, समोर पाण्याची बाटली, साखरेचा डबा, मिठाची बरणी आणि दोन चमचे ठेवले, एक चहाचा, एक पोह्याचा, आणि म्हटलं, "आजी, करून दाखवा." त्यांनी चहाचा चमचा उचलला. साखर मोजताना मोठ्यानं तेलुगूत मोजत होत्या, ओकटि, रेंडु, मूडु, सहापर्यंत. मग मिठाचा चमचा भरला, बोटानं शीग उतरवली, आणि अर्धं मीठ बरणीत परत टाकलं.